पैलवानाच्या कातडीचा नकाशा

संगणकावर घडवलेला माणूस आतून पोकळ असतो. हजारो लहान चौकोनांची एक जाळी आणि तिच्यावर चढवलेलं कातडीचं चित्र, एवढाच त्याचा देह. या जाळीला कलाकार मेश म्हणतात आणि चित्राला टेक्स्चर. अडचण अशी, की मेश गोल आणि वळणांची असते, टेक्स्चर मात्र सपाट चौरस असतं. मेशवरचा प्रत्येक बिंदू त्या चौरसात नेमका कुठे पडतो, हे कुणीतरी ठरवून द्यावं लागतं. त्यासाठी मेश काही ठिकाणी कापायची, उलगडायची आणि सपाट पसरायची. या कामाला अनरॅपिंग म्हणतात. वळणदार पृष्ठभागावर चित्र बसवण्याची ही कल्पना एडविन कॅटमल यांनी १९७४ मध्ये युटा विद्यापीठातल्या पीएच.डी.च्या प्रबंधात मांडली. हेच कॅटमल पुढे पिक्सारच्या संस्थापकांपैकी एक झाले.

सरळसोट इमारत किंवा ट्रंक उलगडणं सोपं असतं. माणूस उलगडणं अवघड, आणि त्यातही चेहरा आणि हाताचे पंजे सर्वांत अवघड. म्हणून इथे उदाहरणाला मी मुद्दाम पैलवान घेतो: उंची १८० सेंमी, वजन ८५ किलोच्या आसपास, डोकं तासलेलं, अंगावर फक्त लंगोट. केस असते तर डोक्यावरचा काप झाकला गेला असता, सदरा असता तर गळ्याचा आणि मनगटाचा. पैलवान काहीच झाकत नाही. त्याच्या अंगावर चुकीच्या जागी कापलं, तर ते बघणाऱ्याच्या डोळ्यांत येणारच.

कापायचंच कशाला, असा प्रश्न साहजिक आहे. त्याचं उत्तर गणितात आहे. गोलासारखा पृष्ठभाग ताण किंवा चुणी न पडता सपाट करता येत नाही, हे गाउसने १८२७ मध्ये सिद्ध केलं. पृथ्वीच्या सपाट नकाशावर ग्रीनलंड अवाढव्य दिसतं ते यामुळेच. आपल्या हातात दोनच गोष्टी असतात: काप द्यायचा किंवा ताण सोसायचा. काप वाढवले की ताण कमी होतो, पण सांधे वाढतात. काप कमी केले की सांधे घटतात, पण नाक, कान, हनुवटी अशा पुढे आलेल्या भागांवर चित्र रबरासारखं ताणलं जातं. शिंपी शिवण काखेत आणि कुशीला नेतो, छातीवर आणत नाही. अनरॅप करणाऱ्याचं कसबही काप किती दिले यापेक्षा कुठे दिले यात असतं. या कापांना सीम म्हणतात आणि कापून सुटलेल्या सपाट तुकड्याला आयलंड.

आता टेक्सेल डेन्सिटीकडे येऊ, कारण सीम दिसण्यामागचं सर्वांत दुर्लक्षित कारण तेच आहे. टेक्स्चरमधल्या एका पिक्सेलला टेक्सेल म्हणतात. कातडीच्या एका सेंटिमीटरवर किती टेक्सेल येतात, ती डेन्सिटी. आपल्या पैलवानाच्या अंगाचं क्षेत्रफळ साधारण दोन चौरस मीटर, म्हणजे २०,००० चौरस सेंमी भरेल. त्याला ४०९६ बाय ४०९६ चं एकच टेक्स्चर दिलं, तर त्यात एक कोटी ६८ लाख पिक्सेल असतात. आयलंडांचे आकार वेडेवाकडे असल्यामुळे मधल्या फटी वाया जातात. चौरसाचा सत्तर टक्के भाग वापरात आला तरी मांडणी चांगली समजायची. उरले एक कोटी १७ लाख. ते २०,००० चौरस सेंटिमीटरवर वाटले की एका चौरस सेंटिमीटरला ५८७ येतात आणि एका सरळ सेंटिमीटरला सुमारे २४. म्हणजे एक पिक्सेल जवळपास ०.४ मिलिमीटरचा. छाती आणि मांडीला एवढं पुरतं. गालावरची रंध्रं मात्र याहून बारीक असतात. कॅमेरा जवळ गेला, की चेहरा मेणाचा दिसू लागतो.

इथे नवखे कलाकार हमखास एक गोष्ट करतात. चेहरा महत्त्वाचा म्हणून डोक्याचं आयलंड ओढून मोठं करतात आणि बाकीचे आयलंड उरलेल्या जागेत कोंबतात. पंजे तर सगळ्यात शेवटी, कोपऱ्यात. मग पैलवान कपाळावरचा घाम पुसायला हात वर नेतो आणि बारीक रंध्रांच्या कपाळाशेजारी पुसट, धुरकट बोटं येतात. माझं मत असं, की पंजे चेहऱ्याच्या हिशेबात धरायचे, अंगाच्या नाही. माणूस मिशीला पीळ भरतो, नमस्कार करतो, डोळ्यावर हात धरून लांब बघतो; पंजे आणि चेहरा एकाच चौकटीत सतत शेजारी येतात. जे शेजारी दिसतं, त्याची डेन्सिटी सारखी हवी. डेन्सिटी एकसारखी ठेवण्याचा अर्थ एवढाच घ्यायचा. तळपाय आणि पापणी यांना समान वागणूक देणं हा त्याचा अर्थ नाही.

म्हणून पैलवानाला ४०९६ ची दोन टेक्स्चर द्यायची. पहिल्यात डोकं, गळा आणि दोन्ही पंजे. दुसऱ्यात बाकी सगळं अंग. डोकं आणि गळा मिळून १६०० चौरस सेंमी धरू आणि दोन पंजे मिळून ९००. एकूण २५०० चौरस सेंमी. चौरसाचा सत्तर टक्के भाग वापरात आहे, म्हणजे पूर्ण चौरस १ धरला तर त्यातला ०.४४८ एवढा भाग डोक्याच्या वाट्याला येतो. हिशेब असा:

```
4096 × √(0.448 ÷ 1600) ≈ 68.5
```

म्हणजे चेहऱ्यावर आणि पंजांवर दर सेंटिमीटरला सुमारे ६८ टेक्सेल, आणि एक पिक्सेल साधारण ०.१५ मिलिमीटरचा. उरलेल्या १७,५०० चौरस सेंमी अंगाला दुसऱ्या टेक्स्चरमधून २६ मिळतात. याहून बारीक हवं असेल तर किंमत लवकर चढते: डेन्सिटी दुप्पट करायची, तर पिक्सेल चौपट लागतात आणि स्मृतीही चौपट.

डोक्यापासून सुरुवात करू. मी ब्लेंडरमधल्या आज्ञा देतो. इतर सॉफ्टवेअरमध्ये नावं बदलतात, रीत तीच राहते. सर्वांत आधी `Apply Scale` करून घ्यायचं. मॉडेल बनवताना कुणी त्याला एका दिशेने ताणून उंच केलं असेल आणि ते तसंच ठेवलं असेल, तर ब्लेंडर अनरॅप करताना तो ताण धरतच नाही, मूळ आकारावर हिशेब करतो. मग पुढचं सगळं तिरपं जातं. त्यानंतर डोक्याच्या मागच्या बाजूला, टाळूच्या किंचित मागून मानेच्या खाचेपर्यंत एकच सरळ सीम द्यायचा: त्या कडा निवडून `Mark Seam`. दुसरा सीम गळ्याभोवती, गळपट्टीच्या हाडांच्या थोडा वर. तोंडाच्या आतला भाग वेगळा काढायचा, पण तो काप ओठांवर अजिबात नको. ओठ जिथे आत वळून दातांकडे जातात, त्याच्याही मागे. नाकपुड्यांचा काप आत अंधारात, पापण्यांचा आतल्या ओल्या कडेवर.

कान ही स्वतंत्र डोकेदुखी आहे. तो एका बाजूने डोक्याला चिकटलेला पत्रा आहे. पुढची बाजू वळ्यावळ्यांची, मागची साधी. कानाच्या मागच्या बाजूला, जिथे तो कवटीला मिळतो त्या खाचेतून सीम न्यायचा आणि मागची बाजू सोडवून घ्यायची, पुढची बाजू चेहऱ्याच्या आयलंडला जोडलेली ठेवायची. पैलवानांचे कान घासून आणि दबून सुजतात आणि तसेच घट्ट होतात. अशा मोडलेल्या कानाच्या वळ्या बुजलेल्या असल्यामुळे तो उलगडायला धडधाकट कानापेक्षा सोपा जातो. तरीही मागच्या सीमशिवाय तो सपाट होत नाही.

आता `Unwrap`. ब्लेंडरच्या यादीत `Conformal` नावाचा पर्याय दिसतो. तो ब्रुनो लेव्ही आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये मांडलेल्या पद्धतीवर आधारलेला आहे. `Angle Based` हा दुसरा पर्याय चेहऱ्यासारख्या आकारांवर सहसा जास्त बरा चालतो. पण दोघांचा कल एकच: कोन जपायचा. चौकोनाचा कोन काटकोन राहिला की यांचं समाधान होतं, तो चौकोन लहान झाला की मोठा याची त्यांना फारशी फिकीर नसते. म्हणून अनरॅप झाल्यावर डोक्याचं आयलंड दिसायला छान, पसरलेल्या मुखवट्यासारखं येतं, आणि तरी नाकाच्या शेंड्याला आणि हनुवटीखाली अगदी थोडी जागा मिळालेली असते. एकाच आयलंडात डेन्सिटी दुपटीने कमीजास्त होऊ शकते.

हे डोळ्यांनी ओळखण्यासाठी चेकर लावतात. `Color Grid` नावाचं तयार चित्र मॉडेलवर चढवलं की अंगभर रंगीत चौकटी दिसतात. चौकट चौरस असायला हवी आणि शेजारच्या चौकटीएवढी असायला हवी. नाकावर चौकटी मोठ्या दिसल्या, तर तिथे टेक्सेल कमी पडलेत. लांबट झाल्या, तर चित्र एका दिशेने ताणलं गेलंय. चौकटीतली अक्षरं उलटी दिसली, तर आयलंड पालथं पडलंय. UV खिडकीत `Display Stretch` चालू करून `Area` निवडलं, की तीच गोष्ट रंगांत कळते: निळं ठीक, पिवळं आणि लाल बिघडलेलं.

नाक सुधारण्यासाठी नाकावर काप देण्याचा मोह होतो. देऊ नये. त्याऐवजी हनुवटीच्या खालून गळ्याच्या मध्यावर खाली उतरणारा एक छोटा काप द्यायचा. तो जबड्याच्या सावलीत असतो. तिथून जबडा मोकळा झाला की गाल मोकळे होतात आणि नाकाला जागा मिळते. मग आयलंडची बाहेरची कड `P` दाबून पिन करायची, म्हणजे जागेवर खिळवायची, आणि `Minimize Stretch` थोडं थोडं चालवायचं. शेवटचा हात मात्र स्वतःच फिरवावा लागतो: नाकाच्या शेंड्याचे बिंदू निवडून, `O` दाबून, आजूबाजूचा भाग सोबत ओढला जाईल अशा रीतीने त्याला हळूच फुगवायचं. नाक आणि डोळ्यांभोवतीचा भाग बाकी चेहऱ्यापेक्षा दहापंधरा टक्के मोठा राहिला तरी चालतं, कारण बघणाऱ्याची नजर तिथेच असते. मात्र वाढ सावकाश व्हायला हवी. चौकटी अचानक मोठ्या झाल्या, तर रंध्रंही अचानक मोठी होतील.

पंजा उलगडण्याच्या दोन रीती रूढ आहेत. एकीत तळवा आणि पंजाची पाठ असे दोन तुकडे करून सगळ्या बोटांच्या कडेने काप फिरवतात. दुसरीत प्रत्येक बोट नळीसारखं एका बाजूने चिरून पूर्ण पंजा एकाच आयलंडात ठेवतात. दुसरीत सीमची लांबी कमी, पण बोटांच्या बेचक्यांत ताण खूप येतो आणि आयलंड इतकं वेडंवाकडं होतं की चौरसात त्याच्याभोवती जागा वाया जाते. मी पहिली रीत घेतो, आणि त्याचं कारण आपल्या कातडीतच आहे. स्वतःच्या बोटाची कड बघा. तळव्याची कातडी बिनकेसांची, रेघांची असते. पाठीची कातडी वेगळ्या पोताची. सावळ्या माणसात तर रंगही बदलतो: तळवा फिका, पाठ गडद, आणि त्यांच्यातली सीमा बोटाच्या कडेवरून सरळ जाते. निसर्गाने रेघ ओढून ठेवलेली असताना सीम तिच्यावरूनच न्यावा. तिथे रंग आणि पोत तसेही बदलतात, त्यामुळे दोन आयलंडांमधला किरकोळ फरक खपून जातो.

बोटाच्या टोकाशी हा सीम नखाच्या मोकळ्या कडेखालून न्यायचा, म्हणजे बोटाचं गुबगुबीत पेर अखंड तळव्याच्या तुकड्यात राहतं आणि त्यावरच्या ठशाच्या रेघा तुटत नाहीत. अंगठ्याचा सीम तर्जनीकडे तोंड केलेल्या कडेला कमी दिसतो. तर्जनीची अंगठ्याकडची कड मात्र फार उघडी असते. बोट दाखवताना, मूठ वळताना तीच समोर येते. म्हणून तिथे सीम अर्धा सेंटिमीटर तळव्याकडे सरकवायचा. आणि दोन्ही पंजे वेगवेगळे उलगडायचे. डावा आणि उजवा पंजा एकाच जागेवर एकमेकांवर ठेवले तर जागा निम्मी लागते हे खरं, पण मग डाव्या हातावरचा व्रण उजव्यावरही उमटतो. दूरच्या गर्दीतल्या माणसाला हे चालेल, आपल्या पैलवानाला नाही. चेहऱ्याचे दोन अर्धे असे एकमेकांवर ठेवणं तर टाळावंच: नाकाच्या मधोमध सीम येतो आणि गालावरचा तीळ दोन्हीकडे दिसतो.

सगळे आयलंड तयार झाले, की ते निवडून `Average Islands Scale` द्यायचं. मेशवरच्या खऱ्या क्षेत्रफळाच्या प्रमाणात सगळ्यांची डेन्सिटी सारखी होते. त्यानंतर पहिल्या टेक्स्चरचे आयलंड एका चौरसात आणि दुसऱ्याचे दुसऱ्यात मांडायचे. मांडताना दिशा सांभाळायची: दंड, पोटऱ्या, बोटं सगळी उभी, एकाच रोखाने. रंध्रांचं किंवा लवेचं बारीक चित्र पुन्हापुन्हा जोडून अंगभर लावायचं असेल, तर ते आयलंडच्या दिशेने वाहतं. एक आयलंड आडवं पडलं असेल, तर सीमच्या एका बाजूला लव खाली वळते आणि दुसऱ्या बाजूला आडवी.

राहिला गळा आणि मनगट, जिथे ६८ ची डेन्सिटी २६ ला भेटते. अडीच पटींहून मोठी ही पायरी रंगाने लपत नाही. दोन्ही बाजूंना तंतोतंत एकच रंग लावला, तरी एका बाजूची कातडी रेखीव आणि दुसरीकडची पुसट दिसते, आणि मधे गोल रेघ उमटते. उपाय पायरीचा उतार करण्यात आहे. डोक्याच्या आयलंडमध्ये जबड्याखालून गळ्याच्या तळापर्यंत चौकटी हळूहळू मोठ्या होऊ द्यायच्या, म्हणजे डेन्सिटी ६८ वरून ४० पर्यंत उतरवायची. पलीकडे छातीच्या आयलंडचा वरचा काठ थोडा फुगवून ३२ च्या आसपास आणायचा. ४० आणि ३२ मधला फरक कॅमेरा गळ्याला भिडल्याशिवाय कळत नाही. मनगटाला असा उतार द्यायला लांबी कमी पडते. म्हणून तिथे पंजाचा तुकडा मनगटावर न संपवता चार बोटं वर नेतो आणि उतार त्या पट्टीत देतो. पैलवानाच्या हातात कडं किंवा दंडावर ताईत असेल, तर सीम त्याखाली न्यायला हरकत नाही, फक्त कडं हलतं हे लक्षात ठेवायचं.

एवढं करूनही रेघ दिसली, तर ती का दिसते हे आधी ओळखावं. रंग उजेडात आणि सावलीत दोन्हीकडे तुटलेला दिसत असेल, तर दोष रंगकामात आहे. थेट मॉडेलवर, सीमच्या आरपार ब्रश फिरवून तो जातो. रेघ फक्त तिरप्या उजेडात, कातडी ओली चमकत असताना दिसत असेल, तर नॉर्मल मॅप बिघडला आहे. कातडीचे उंचसखल बारकावे या मॅपमध्ये असतात, आणि तो ज्या पद्धतीने बनवला त्याच पद्धतीने खेळाच्या इंजिनाने वाचला नाही, तर सीमवर उजेड फुटतो. आणि पैलवान जवळ असताना रेघ नाही, दूर गेल्यावर मात्र दिसते, असं झालं तर आयलंडांमधलं अंतर कमी पडलंय. दूरच्या वस्तूसाठी संगणक टेक्स्चरच्या निम्म्या, पाव, आठव्या भागाच्या प्रती वापरतो. आयलंडच्या काठाबाहेर १६ पिक्सेल रंग पसरवलेला असेल, तर ४०९६ वरून २५६ पर्यंत खाली येताना त्याचा एकच पिक्सेल उरतो. त्याहून लहान प्रतीत शेजारचा रंग आत झिरपतो आणि कानामागे काळी रेघ उमटते. मी दोन आयलंडांत ३२ पिक्सेल मोकळे ठेवतो, म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला १६ येतात.

ही तपासणी रंगकामाआधी उरकायची, आणि तीही हालचालीत. पैलवानाचं तोंड उघडायचं, भुवई चढवायची, मूठ आवळायची, मान वळवायची आणि अंगावरच्या चेकरकडे बघायचं. उभ्या, शांत देहावर चौरस असलेल्या चौकटी मूठ वळताच बोटांच्या सांध्यांवर किती लांबतात, ते तेव्हाच कळतं. सांध्यांना आधीच थोडी जास्त जागा द्यायची की नाही, हे त्यावरून ठरतं. रंग चढल्यावर सीम हलवायचा झाला, तर जुन्या मांडणीतलं चित्र नव्या मांडणीवर बेक करून उतरवावं लागतं. ते जमतं, पण प्रत्येक उतरवणीत चित्र जरासं मऊ पडतं, आणि गालावरची रंध्रं सर्वांत आधी पुसट होतात.